‘खायलाय’वर लाल गोल: एका निरोपाच्या भाषणाचं प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतलं आहे. शाळेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. मी तिथं मराठी शिकवते. जी चूक या सगळ्याच्या मुळाशी आहे ती माझीच होती, म्हणून लिहायची जबाबदारीही मीच घेतली. भाषा शिकवणाऱ्या इतरांना यातलं काही कामाचं वाटलं तर बघावं.

पार्श्वभूमी

आमचे मराठीचे ज्येष्ठ सर ३१ मेला निवृत्त होणार होते. मे महिन्यात शाळेत चिटपाखरू नसतं, त्यामुळे निरोप समारंभ एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठरला. दहावीची मुलं परीक्षा देऊन गेलेली. पाचवी ते नववीचे वर्ग, पालक, संस्थेचे अध्यक्ष आणि आम्ही शिक्षक असा श्रोतावर्ग असणार होता. सरांना वीस मिनिटं दिली होती.

त्याआधी जानेवारीत एक गोष्ट घडली होती. आठवीला मी ‘माझ्या घरातली संध्याकाळ’ हा निबंध दिला होता. एका मुलीनं लिहिलं होतं, “आजी चुलीपुढं भाकरी थापायलीय. बाबा अजून रानातून यायचेत. लहानगं रडायलंय.” दीड पान सगळं असंच होतं. मी ‘थापायलीय’ला लाल गोल केला, ‘रडायलंय’ला केला, समासात ‘अशुद्ध’ लिहिलं आणि दहापैकी दोन गुण कापले. मी मूळची या भागातली नाही, पण ते कारण पुढं करत नाही. इथली असते तरी गोल केलेच असते. डीएडपासून आम्हाला वह्या तपासायचं शिकवलं ते असंच.

फेब्रुवारीत दुसरा निबंध आला. त्याच मुलीचा. सूर्यनारायण मावळतीला झुकले होते, पक्ष्यांचा किलबिलाट चालू होता, मंद वारा वाहत होता. एकही लाल गोल करावा लागला नाही. तो निबंध गाईडातला होता.

दोन्ही वह्या स्टाफरूमच्या टेबलावर एकावर एक पडल्या होत्या. सरांनी चहा पिता पिता दोन्ही चाळल्या. मला म्हणाले, “मॅडम, आजी कुठं गेली हो हिची?” एवढंच बोलून वह्या जागेवर ठेवल्या.

अडचण

मार्चमध्ये सरांनी सांगितलं की निरोपाच्या भाषणात त्यांना याच विषयावर बोलायचंय. व्याकरण लोकांना हुकूम देत नाही, लोक कसं बोलतात त्याची नोंद ठेवतं, हे एकदा सगळ्यांसमोर मांडायचंय. मुलीला आणि मला विचारल्याशिवाय उदाहरण घेणार नाही, असंही म्हणाले. मी हो म्हटलं. मुलीनं नाव न घेण्याच्या अटीवर हो म्हटलं.

विषय बरोबर होता, प्रसंग अवघड होता. अध्यक्षांना ‘शुद्ध मराठी’चा फार अभिमान. पालकांना मुलांचे दहावीचे गुण दिसत होते. आणि ‘व्याकरण हुकूम देत नाही’ हे वाक्य ज्याच्या कानावर पडेल तो ते ‘काहीही लिहा, चालतंय’ असंच ऐकणार, ही मोठी भीती होती. ती पुढं खरी ठरली.

कोणते पर्याय तोलले

सरांनी तीन मसुदे केले होते आणि तिन्ही मला वाचायला दिले होते.

पहिल्यात पाणिनी, पतंजली, मग १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी लिहिलेलं मराठीचं व्याकरण, असा इतिहास होता. तो चांगला होता, पण पाचवीची पोरं पाच मिनिटांत झोपली असती.

दुसऱ्यात शुद्धलेखनावर हल्ला होता. तो वाचायला मला सगळ्यात मजा आली आणि त्याच कारणानं मी त्याला विरोध केला. जो माणूस तीस वर्षं ऱ्हस्व-दीर्घ तपासून पगार घेत होता, त्यानं जायच्या दिवशी त्यावर कोरडे ओढले तर मागं राहणाऱ्यांनी काय करायचं? सरांना ते पटलं. “मला प्रमाणभाषा शिकवायचाच पगार मिळाला, खोटं कशाला बोलू,” म्हणाले.

तिसरा मसुदा एकाच क्रियापदाच्या एका रूपाचा होता: ‘खायलाय’. तो निवडला. पहिल्यातला एक किस्सा आणि दुसऱ्यातलं एक उदाहरण त्यात घातलं. परीक्षेत काय लिहायचं हा मुद्दा कुठंच नव्हता. तो मला सुचला होता, पण समारंभात मार्कांचं कशाला, म्हणून मी बोलले नाही.

प्रत्यक्ष भाषण

हार-तुरे झाले, अध्यक्षांचं झालं, सर उठले. माईक बाजूला सारला आणि मुलांना म्हणाले, “लेकरांनो, मी अर्धं सांगतो, तुम्ही पुरं करा. रामू भाकर…”

“खायलाय!”

“सीता भाकर…”

“खायलीय!”

“बारकं लेकरू…”

“खायलंय!”

“पोरं…”

इथं आवाज फुटला. बहुतेकांनी ‘खायलेत’ म्हटलं, मागच्या काही रांगांतून ‘खायलीत’ आलं. सर थांबले. “दोन्ही राहू द्या. पाणिनीच्या पुस्तकात बी असंच आहे. पूर्वेकडचे अमुक रूप वापरतात, उत्तरेकडचे तमुक, असं त्यानं सूत्रातच नोंदवून ठेवलंय. कुणाचं खोडलं नाही.”

मग त्यांनी मुद्दाम सांगितलं, “सीता भाकर खायलाय.” सगळं पटांगण हसलं.

“हसलात कशाला? चूक झाली का माझी? कुणी सांगितलं चूक आहे म्हणून? कोणत्या पुस्तकात आहे? बालभारतीत ‘खायलीय’ शिकवलंय का कुणी?”

शांतता.

“बरं, अजून एक. ‘रामूला दोन भाऊ असायलेत.’”

पुन्हा हशा, या वेळी पालकांतून जास्त.

“बघा. चालू कामाला ‘खायलाय’ लागतं. जे नुसतं आहे, घडत नाही, त्याला लागत नाही. पाऊस पडायलाय म्हणता, भाऊ असायलेत म्हणत नाही. हा नियम तुम्हाला कुणी शिकवला नाही, तरी तो मोडला की पाचवीचं पोरगं बी हसतं. आत्ता तुम्ही हसलात ना, ते हसू म्हणजे व्याकरण. माझ्यासारख्या मास्तरचं काम ते हसू कुठं येतं ते बघून लिहून ठेवायचं.”

मी कडेला उभी होते. वर्गात काळ, लिंग, वचन शिकवायला मला दोन तास लागतात. इथं ते चार मिनिटांत झालं होतं, आणि तेही ज्या रूपाला मी ‘अशुद्ध’ म्हटलं होतं त्याच्यावर.

पुढं त्यांनी ‘खायलाय’ कुठून आलं असेल ते सांगितलं. ‘खायला लागलाय’ म्हणता म्हणता ‘लागलाय’ झिजलं, शेपूट तेवढी राहिली. उदगीर-देगलूरच्या बाजूला ‘खाऊलालाय’ ऐकू येतं, ते ‘खाऊ लागलाय’चं झिजलेलं दिसतं. “हा माझा अंदाज आहे, पंडितांनी तपासावा. पण झिजणं ही काय आपलीच खोड नाही. पुण्याचं ‘खातोय’ म्हणजे तरी काय? ‘खातो आहे’ झिजलं की ‘खातोय’. खातोय, खातेय, खातंय. खायलाय, खायलीय, खायलंय. माळ एकच, मणी वेगळे. मग एक कथा-कादंबरीत सुखानं बसलं अन् दुसऱ्याला लाल गोल का?”

माझ्याकडं बघितलं नाही, ही त्यांची कृपा.

उत्तरही त्यांनीच दिलं. पुस्तकी मराठी ज्या काळात मुंबई-पुण्याच्या छापखान्यांत घडत होती त्या काळात मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं सरकारदरबारी आणि वरच्या शाळांत उर्दूचा वरचष्मा होता. “आपलं रूप कमी पडलं म्हणून पुस्तकात गेलं नाही असं नाही. पुस्तक लिहायला बसलेल्यांच्या कानावरच ते पडलं नाही.”

मग खिशातून वडिलांचं एक जुनं पत्र काढलं. ‘घरांत सर्व खुशाल. काम पुरें केलें.’ जुन्या पद्धतीचे अनुस्वार. “हे माझ्या वडिलांनी शाळेत शिकल्याप्रमाणं बरोबर लिहिलंय. ‘घरात’वर टिंब दिलं नाही तर छडी बसायची. १९६२ ला साहित्य महामंडळाचे नियम आले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मी शाळेत गेलो तवा ‘घरांत’वर टिंब दिलं म्हणून मला छडी बसली. बाप अन् लेक, दोघं ‘घरात’च म्हणायचे, बोलण्यात काडीचा फरक नाही. म्हणजे टिंबाचा नियम हा ठराव आहे. सगळ्यांना एकमेकांचं वाचता यावं म्हणून केलेला, चांगला ठराव. पाळायचा. पण ठराव बदलला म्हणून भाषा बदलत नाही, अन् ठराव मोडला म्हणून भाषा बाटत नाही.”

शेवटी महाभाष्यातला किस्सा. “पतंजली म्हणतो, मडकं लागलं की माणूस कुंभाराच्या घरी जातो, मडकं करून दे म्हणतो. पण शब्द लागले म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन म्हणत नाही, मला शब्द करून द्या, वापरायचेत. शब्द लोकांच्या तोंडात आधीच असतात. तीस वर्षं तुम्ही मला कुंभार समजलात, मी मोजणीदार होतो.”

टाळ्या झाल्या. इथं थांबले असते तर हे प्रकरण लिहायची गरज पडली नसती.

प्रश्न आला

एक पालक उभे राहिले. शेतकरी, आठवीतल्या मुलाचे वडील. रागात नव्हते. “सर, बोललात ते पटलं. मग पेपरात ‘खायलाय’ लिहिलं तर मार्क देतेत का?”

सर भारावलेले होते. म्हणाले, “द्यायला पाहिजेत!”

पुन्हा टाळ्या, आणि या वेळी मुलांच्या जोरात. अध्यक्षांचा चेहरा पडला. सरांना बहुतेक म्हणायचं होतं की जिथं बोलणंच लिहायचंय तिथं द्यायला पाहिजेत. तसं ते मला नंतर म्हणाले. पण माणूस निरोपाच्या व्यासपीठावर असताना अर्धं वाक्य बोलतो आणि तेवढंच गावभर जातं.

कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी आमचे संस्कृतचे निवृत्त गुरुजी सरांजवळ आले. त्यांचा आक्षेप वेगळाच होता. “मडक्याचं सांगितलंत, पुढचं गाळलंत. पतंजलीच म्हणतो की अर्थ लोकव्यवहारातूनच कळतो, पण शास्त्र त्यावर धर्माचा नियम घालतं. अपशब्दानंही अर्थ कळतो, पण पुण्य साधुशब्दानं. आणि साधुशब्द कुणाचा? शिष्टांचा. आर्यावर्तातल्या, घरात मडकंभर धान्य ठेवणाऱ्या निर्लोभ ब्राह्मणांचा. तुमच्या-माझ्या आजीचा नव्हे.”

सर हसले. “अर्धंच सांगितलं मी, गुरुजी. खरंय.”

मला हा आक्षेप त्या पालकांच्या प्रश्नापेक्षा जड वाटला. ‘व्याकरण वापराची नोंद करतं’ म्हटलं की लगेच विचारायला हवं, कुणाच्या वापराची? पाणिनीपासून दादोबांपर्यंत नोंद करणाऱ्यांनी नोंदच केली, पण कान कुणाच्या दारापाशी लावायचा हे आधी ठरवून. आमच्या सरांनी कान आजीच्या चुलीपाशी नेला इतकंच. निवड त्यांनीही केलीच होती.

नंतर काय झालं

जूनमध्ये शाळा उघडली. सर गेले होते, त्यांचं वाक्य राहिलं होतं. पहिल्या घटक चाचणीत नवव्या वर्गाला मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायला होता. चार मुलांनी लिहिलं, “मी आपल्या शाळेत इयत्ता नववीत शिकायलोय.” मी गुण कापले. एकाचे वडील आले, तेच. “सर तर द्यायला पाहिजेत म्हणले होते.”

त्यांना मी काय सांगितलं ते नीट आठवतं, कारण तोपर्यंत मला स्वतःलाच ते नीट माहीत नव्हतं. मी म्हटलं, “दादा, तुम्ही तहसीलला अर्ज देता तेव्हा ‘काय करायलाव सायब’ असं लिहिता का?” ते म्हणाले, “नाही. अर्जनवीस लिहितो.” “तुमच्या पोरानं अर्जनवीसाला पैसे देऊ नयेत म्हणून मी शिकवते.” ते गेले, समाधानानं गेले असं म्हणणार नाही.

त्या आठवड्यात आम्ही तिघी-चौघं मराठीचे शिक्षक बसलो आणि तपासायची पद्धत बदलली. आधार १९६२ च्या नियमांतच सापडला. ‘केले’, ‘असे’ ही रूपं लिहायची, पण कुणाचं बोलणं बोलल्यासारखं लिहायचं असेल तर ‘केलं’, ‘असं’ अनुस्वार देऊन लिहावं, अशी सोय त्यात आहे. म्हणजे लेखनाच्या ठरावानंच बोलीला एक खोली दिलेली आहे. आम्ही ती जरा मोठी केली.

संवाद, आठवण, घरचं वर्णन, कथेतलं पात्र, इथं ‘खायलाय’ला गुण कापायचे नाहीत. फक्त एक गोष्ट बघायची: रूप आतून बरोबर आहे का. ‘आजी थापायलाय’ लिहिलं तर ती खरी चूक, तिथं गोल करायचा. अर्ज, बातमी, सारांश, इथं प्रमाण रूपच हवं. पण तिथंही समासात ‘अशुद्ध’ लिहायचं नाही. शब्दाखाली शिसपेन्सिलीनं रेघ आणि बाजूला प्रमाण रूप: ‘शिकत आहे’. गुण जातात, शब्द बाद होत नाही.

हे चालतं का? थोडं. जास्तीचा वेळ लागतो, कारण आता वाचताना ‘हे कोण बोलतंय’ हे ठरवावं लागतं. निवेदनात एक वाक्य प्रमाण आणि पुढचं बोलीत असं घसरलं की आमच्यातही एकमत होत नाही. मी कापते, शेजारच्या वर्गाच्या मॅडम कापत नाहीत. बोर्डाच्या परीक्षेत तपासणारा आमचा नसतो, म्हणून दहावीला आम्ही निबंधातही प्रमाण रूपच लिहायला सांगतो. हा तत्त्वाशी केलेला सौदा आहे, हे मुलांनाही तसंच सांगतो.

ती मुलगी आता नववीत आहे. आजी अजून परत आलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीच्या निबंधात एक म्हैस आली, ‘दूध द्यायली नाही’ म्हणून. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

वेगळं काय करता आलं असतं

पालकांचा प्रश्न येणारच होता. मसुदा वाचताना तो मला दिसला होता आणि मी गप्प बसले. सरांनी टिंबाचं उदाहरण दिलं तिथंच ‘अर्जात मात्र ठरावाप्रमाणं’ एवढं एक वाक्य टाकलं असतं तर जूनमधली भांडणं टळली असती. टाळ्या थोड्या कमी पडल्या असत्या.

लाल गोलाबद्दल एक सांगते. दोन गुण कापल्यानं त्या मुलीचं फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते ‘अशुद्ध’ या शब्दानं. तिच्या आजीचं बोलणं अशुद्ध, असं तिनं ते वाचलं. समासात ‘प्रमाण: थापत आहे’ लिहिलं असतं तर गुण तेवढेच गेले असते आणि कदाचित दुसरा निबंध गाईडातून आला नसता.

तिसरी गोष्ट त्या दिवशी मला दिसली होती, सरांना व्यासपीठावरून दिसली नसावी. “सीता भाकर खायलाय”वर सगळं पटांगण हसलं असं मी वर लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. सातवीतली तांड्यावरची दोन मुलं शेजाऱ्यांकडं बघून मग हसली. त्यांच्या घरी गोरबोली बोलतात. ‘खायलाय’ त्यांना वर्गमित्रांकडून मिळालं, ‘खात आहे’ पुस्तकातून. दोन्ही बाहेरचीच. ‘तुमच्या तोंडातलंच व्याकरण’ हे वाक्य त्यांच्या बाबतीत खोटं पडत होतं.

म्हणून या वर्षी आठवीला तोच खेळ घेताना मी फळ्यावर तीन रकाने आखले. पुस्तकातलं, गावातलं, तांड्यावरचं. पहिले दोन मी भरले. तिसरा त्या दोघांतल्या एकानं तोंडी सांगितला आणि मी ऐकून लिहिला. त्यानं तो दोनदा पुसायला लावला. तिसऱ्यांदा म्हणाला, “जवळपास आलं, मॅडम.”